६० सेकंदांचा मोनोस्टेबल: पल्स संपता संपेना

ट्रिगरचं दुखणं मागच्या अपडेटमध्येच संपलं. बटण दाबून धरलं तरी ५५५ टायमर चिपच्या पिन २ला क्षणभराचाच पल्स मिळतो. मग वेळ बसवायला घेतली. एकदा बटण दाबलं की एलईडी ६० सेकंद लागून आपोआप विझायला हवा. सूत्र आपलं नेहमीचंच:

t = 1.1 × R × C

हाताशी ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक होता. त्याला १.२ मेगाओहम लावला की कागदावर ६२ सेकंद येतात. बटण दाबलं, एलईडी लागला आणि विझायचं नावच घेईना.

पल्स संपवणारा उंबरठा पिन ५वर दिसतो: ६ व्होल्ट, म्हणजे सप्लायच्या ९ व्होल्टांचे दोन तृतीयांश. तिथे सगळं ठीक. पण कपॅसिटर ५.२ व्होल्टांवर येऊन अडलेला. याचा अर्थ रेझिस्टरवर ३.८ व्होल्ट पडतायत आणि त्यातून जवळपास ३.२ मायक्रोअँपिअर वाहतोय. त्यातला अर्धा मायक्रोअँपिअर तर माझा १० मेगाओहमचा मीटरच पितो. उरलेला जवळपास सगळा कपॅसिटरच्या आतूनच गळतोय. मीटर काढला तरी गडी ५.८च्या आसपास थांबणार. सहाचा उंबरठा ओलांडला नाही, की पल्स संपत नाही.

पहिला विचार आला तो R दहापट कमी आणि C दहापट जास्त घ्यायचा. पण एकाच जातीच्या कपॅसिटरमध्ये गळतीही साधारण C बरोबर वाढते. गळती दहापट, रेझिस्टर एक दशांश, म्हणजे व्होल्टेजचा तोटा तेवढाच! बराच वेळ व्होल्टेजवर ठेवला की आतला ऑक्साइडचा थर सावरतो आणि गळती उतरते हे खरं, पण टायमर त्या भरवशावर कोण ठेवणार? मिक्स पाकिटातले स्वस्त इलेक्ट्रोलिटिक सप्लाय फिल्टरला लावा, टायमिंगला नको, हे माझं ठाम मत.

मग जातच बदलली. ४.७ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर फिल्म कपॅसिटर घेतला. अंगाने आडदांड आहे, पण गळती नगण्य. C लहान झाला म्हणून R ११.५ मेगाओहम, म्हणजे १० आणि १.५ सिरीजमध्ये. एवढ्या मोठ्या R ला साध्या ५५५च्या, कपॅसिटरचं व्होल्टेज बघणाऱ्या पिन ६चा करंटही जड जाऊ शकतो, म्हणून चिप सीमॉसची. फ्लक्सचा चिकटाही समांतर रेझिस्टरसारखा वागतो, तेव्हा बोर्ड आयसोप्रोपिलने धुतला.

एलईडी ५७ सेकंदांनी विझला. काय बरं वाटलं! फिल्मची किंमत छापल्यापेक्षा चार टक्के कमी निघाली, बाकी हिशोब चोख. १.५च्या जागी २.२ मेगाओहम लावल्यावर घड्याळात साठाच्या किंचित पुढे.

आता मीटर पिन ६वर अजिबात लावायचा नाही. १० मेगाओहमचा मीटर तिथे निम्म्याहून जास्त व्होल्टेज खाईल आणि पल्स पुन्हा लटकेल. वेळ मोजायची ती पिन ३वरून.

पुढे १० मिनिटांचा टायमर याच पद्धतीने करणार होतो, पण लिहिता लिहिता बेत बदलला. त्याला १०० मेगाओहमच्या वर R लागेल. त्यापेक्षा ठोके मोजणारा सीडी४०६० बरा: सेकंदाला साधारण १३.७ ठोके दिले, की ८१९२व्या ठोक्याला शेवटचा आउटपुट वर जातो आणि १० मिनिटं भरतात. कपॅसिटरही छोटासा पुरतो.