गावाचा कोड आधी, पान नंतर

“एवढ्या जाड सरकारी पुस्तकात आमच्या गावाची ओळ तुम्हाला इतक्या लवकर कशी सापडते हो?”

मुखपृष्ठ नीट वाचतो म्हणून. २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका प्रत्येक जिल्ह्याची दोन भागांत आहे आणि दोन्हींवर जिल्ह्याचं नाव सारखंच. फरक फक्त Part XII-A आणि Part XII-B एवढाच. शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी या सोयी A मध्ये. लोकसंख्या, साक्षर, कामगार B मध्ये. चुकीचा भाग उघडला की दिवसभर चाळूनही हाती काही लागत नाही.

मागे परभणी जिल्ह्यातला एक पोरगा आला. ग्रामसभेच्या ठरावाला जोडायला त्याला प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे याचा सरकारी पुरावा हवा होता. गावाचं नाव पिंपळगाव. आता मराठवाड्यात पिंपळगावं काय कमी आहेत? त्याने पीडीएफमध्ये नाव शोधलं, पहिलं सापडलं तेच उतरवून आणलं. तालुकाच दुसरा निघाला.

मग आम्ही अनुक्रमणिकेपासून धरलं. तिथे दिलेलं पान आणि पीडीएफचं पान जुळत नाही, कारण सुरुवातीची पानं वेगळी मोजलेली असतात. छापील १ हा आकडा पीडीएफच्या कितव्या पानावर येतो ते पाहायचं आणि तेवढा फरक पुढे धरत जायचा. गावांचा तक्ता तालुकावार असतो, पण आतली गावं कोडच्या क्रमाने लावलेली असतात, नावाच्या नाही. म्हणून आधी त्या तालुक्याची वर्णानुक्रमे गावयादी काढायची आणि तिथून सहा आकडी कोड कागदावर लिहून घ्यायचा. नावं इंग्रजीत आहेत, स्पेलिंग आपल्या मनासारखं नसतं. बीड तिथे Bid असतं. त्यामुळे यादी डोळ्यांनीच बघावी.

कोड हाती आला की तक्त्यात ओळ सापडते. पण ती ओळ एका पानावर संपत नाही, पुढच्या पानांवर चालत जाते. ती सुटू नये म्हणून मी पट्टी लावतो. आरोग्य केंद्राच्या रकान्यात पोराला नुसतं c दिसलं आणि त्याला ती छपाईची चूक वाटली. ती चूक नव्हे. सोय गावात नसेल तर जवळची किती लांब, ते अक्षरात देतात: a म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, b म्हणजे ५ ते १०, c म्हणजे १० च्या पलीकडे. हा खुलासा तक्त्याआधीच्या टिपेत असतो, आणि ती टीप बहुतेक जण ओलांडून जातात.

शेवटची परिशिष्टंही पाहावीत. पिण्याच्या पाण्याखेरीज कुठलीच सोय नसलेली गावं, पाच हजारांवर वस्ती असून एखादी सोय नसलेली गावं, अशा याद्या तिथे तयारच मिळतात. एका गावासाठी नाही, पण तालुक्यासाठी मागणी करायची तर मोठं काम वाचतं.

ठरावात त्याने पुस्तिकेचं नाव, भाग, कोड आणि पान लिहिलं. शेजारी “२०११ ची स्थिती” असं मीच लिहायला लावलं, कारण त्यानंतर एखादं केंद्र जवळ उघडलं असेल तर ते या पुस्तकात दिसणार नाही.