‘धुतल्यावर तपासणी’ आणि माझे वाया गेलेले अकरा दिवस

मी चाकणहून एक्स्पोर्टला जाणाऱ्या नवीन गाड्यांचं काम बघतो, म्हणजे कारखान्याच्या गेटपासून जहाजाच्या रॅम्पपर्यंत गाडी नीट पोचली का एवढंच. ऐकायला सोपं आहे. बंदराचं नाव घेत नाही, यार्डवाल्या कंपनीचंही नाही, त्यांच्याशी अजून रोज बोलावं लागतं.

ऑक्टोबरचा लॉट होता, 212 हॅचबॅक, ट्रेलरवरून घाट उतरून, एक उशिराचा ट्रेलर सोडला तर, 6 ते 9 तारखेत यार्डात आल्या, कागद झाले, कस्टम झालं, त्यात काही सांगण्यासारखं नाही. जहाज 12 ला येणार होतं ते लाल समुद्र टाळून केपला वळसा घालून येत असल्यामुळे सरकत सरकत 31 वर गेलं. म्हणजे आणखी 19 दिवस गाड्या उघड्यावर, समोर समुद्र, वर कावळे.

16 ला मी राऊंड मारायला गेलो तर पांढऱ्या गाड्यांच्या छपरावर बारीक नारिंगी ठिपके. मोहरीपेक्षाही लहान. आधी वाटलं धूळ आहे, बोट फिरवलं तर निघेना. (कोरडं बोट फिरवू नका, मी केलं ते चूकच, लोखंडाचा कण असेल तर ओरखडा पडतो. आधी भरपूर पाणी मारा, मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून हलक्या हाताने फिरवा, खरखर लागली की समजा कण पेंटमध्ये रुतलाय.) मोजल्या तर 14 गाड्या, आणि ठिपके फक्त पेंटवर नाहीत, पुढच्या काचेवर पण! काच काही गंजत नाही, म्हणजे लोखंड बाहेरून उडून येऊन चिकटलंय हे नक्की.

आता इथून खरं दुखणं. यार्डच्या सुपरवायझर साहेबांकडे गेलो, म्हटलं जॉइंट इन्स्पेक्शनच्या शीटवर सही करा, म्हणजे पॉलिशवाला बोलवतो आणि खर्चाचं नंतर बघू. त्यांनी गेट-इनचा टॅली शीट काढला आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं. ‘गाडी धुळीने माखलेली, धुतल्यावर तपासणी.’ 212 पैकी जवळजवळ सगळ्यांवर तोच शिक्का. घाटातून आलेली गाडी धुळीचीच असणार, पण त्या शिक्क्याचा अर्थ असा की यार्डाने गाडी घेतली पण पेंट बघितलाच नाही, आणि धुणार कोण ते कुठेच लिहिलेलं नाही, सो कोणी धुतलीच नाही. साहेब म्हणे, “ठिपके आधीपासून असतील, आम्हाला काय माहीत.” ट्रेलरवाल्याला फोन केला तर तो म्हणे, “साहब, मेरे पेपर पे आपकी साइन है, माल ठीक था.” सही माझ्याच माणसाची, रात्री दीड वाजता, टॉर्चच्या उजेडात. घ्या.

घाई का, तर जहाजावर चढवताना सर्व्हेअर प्रत्येक गाडी बघतो आणि डाग दिसला की त्याचा पाच आकडी कोड टाकतो, पहिले दोन आकडे कुठे, पुढचे दोन काय झालंय, शेवटचा किती मोठं. तो शेरा मेट्स रिसीटवर, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पावतीवर, आला की बिल ऑफ लेडिंग क्लीन राहत नाही, आणि आमच्याकडे तसं चालत नाही, गाडी सरळ शट आऊट, म्हणजे जहाजावर चढतच नाही. आणि सही झाल्याशिवाय यार्डवाले पॉलिशवाल्याला गेटपास देईनात. सहीसाठी मी रोज चाकणहून खाली उतरत होतो. रोज चहा मिळायचा, सही नाही. एक दिवस साहेब मीटिंगला, एक दिवस फॉर्मचं फॉरमॅट जुनं, एक दिवस “फोटो कलर प्रिंटवर द्या”. मी चिडून एकदा आवाज चढवला त्याने अजून दोन दिवस गेले, हे माझ्या खात्यावर.

सुटलं ते टॅलीवाल्या मामांमुळे. म्हणाले, “भांडू नका, त्या 14 गाड्या कुठे उभ्या आहेत ते कागदावर मांडा.” रात्री बसून मी प्रत्येक चासी नंबरासमोर दोन गोष्टी लिहिल्या, कुठल्या ट्रेलरने आली आणि कुठल्या रांगेत लावली. 14 गाड्या पाच वेगवेगळ्या ट्रेलरमधून आलेल्या, पण उभ्या होत्या फक्त दोन रांगांत, कुंपणाला लागून! त्याच ट्रेलरांतल्या बाकीच्या गाड्या यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, एकदम स्वच्छ. बॉनेटवर कारखान्यात लावलेली पांढरी फिल्म होती, ठिपके फिल्मच्या वर, कोपरा उचलून बघितला तर खाली पेंट आरशासारखा. म्हणजे कारखाना सुटला, ट्रेलरही सुटले. मग सिक्युरिटीकडचं हॉट वर्कचं रजिस्टर मागितलं. 10 आणि 11 तारखेला कुंपणाचे अँगल कापायला ग्राइंडर चालवलेला, ना ताडपत्री ना गाड्या हलवल्या. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततो, तेव्हा काहीच दिसत नाही, चार-पाच रात्री दव आणि खारी हवा लागली की गंजून नारिंगी होतो. शेवटचा पुरावा मला फुकटात मिळाला, एक ट्रेलर उशिरा 13 ला आलेला, त्याच्या तीन गाड्या त्याच रांगेत लावलेल्या आणि त्यांच्यावर एकही ठिपका नाही.

27 ला सही झाली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, पेन माझंच घेतलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं.

पॉलिशवाल्याने आधी आयर्न रिमूव्हर मारला, ठिपक्यांतून जांभळे ओघळ निघतात, बघण्यासारखं असतं. मग ओल्या पेंटवर कण ओढून काढणारी क्ले, मग हलकं पॉलिश, प्रत्येक पॅनलला आधी जाडी मोजायचा मीटर लावून, कारण क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉन, त्यातला जास्त घासला की उन्हात पुढे सोलतो. 12 गाड्या झाल्या. दोघींच्या छपरावर कण खोल होते, त्या राहिल्या.

आता आमच्याकडे शिक्का असलेल्या प्रत्येक लॉटसाठी धुण्याची तारीख आणि कोण धुणार हे गेट-इनच्याच शीटवर लिहून घेतो, नाहीतर ट्रेलर उतरवू देत नाही. आणि रांग नंबर पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, तो नंतर मिळत नाही, गाड्या हलवतात.

लोडिंगच्या दिवसाचं एक राहिलं. ड्रायव्हर गँगच्या कमरेचे बेल्ट, घड्याळं, अंगठ्या गेटवर काढून घ्या. डेकवर दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक वीत जागा असते, त्यातून माणूस तिरका होऊन बाहेर येतो आणि बकल दाराला घासतं. 31 ला एका भाऊंची अंगठी निघतच नव्हती, लग्नातली, शेवटी वर चिकटपट्टी गुंडाळली.

त्या दोन गाड्या पुढच्या जहाजाची वाट बघत अजून यार्डातच आहेत. काल बॅटरी मोजली, 12.2 व्होल्ट, म्हणजे अर्धी उतरलेली. पॉलिशच्या वेळी बॅटरी वाचवणारा ट्रान्सपोर्ट मोड कोणीतरी काढला आणि परत लावला नाही. चार्जिंग कोणी करायचं यावर सकाळपासून मेल चालू आहेत, मी कॉपीमध्ये आहे.