अठ्ठावन्न पाकिटं आणि एक सतरंजी

आमचा मसाल्याचा धंदा कोल्हापूरकडचा. आजीने घरातून सुरू केलेला, बाबा-काकांनी वाढवलेला. मी हिशेबाची बाजू बघते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही बसून ठरवलं की आपण काय काय विकतो ते एकदा मोजायचं. मोजलं, तर चार नावं, तेवीस वस्तू आणि लहानमोठी धरून अठ्ठावन्न पाकिटं निघाली. हा आकडा कुणालाच आधी माहीत नव्हता, मलाही नाही.

चार नावं कशी झाली ते सांगते. घरचं नाव आजीच्या काळापासूनचं, कांदा-लसूण मसाल्याचं. 2009 मध्ये सुट्ट्या मसाल्याशी टक्कर द्यायला काकांनी एक स्वस्तातलं नाव काढलं. 2014 मध्ये रत्नागिरीकडचं एक लोणच्याचं नाव विकत घेतलं. आणि 2017 मध्ये चुलतभावाने पुण्याच्या मॉलसाठी एक चकचकीत नाव आणलं, काळ्या पाऊचमधलं. त्यात चाट मसाला, पेरी-पेरी, पास्त्याचा मसाला. प्रत्येक वेळी निर्णय बरोबरच वाटला होता. अडचण बेरजेत होती.

पहिल्याच रविवारी हॉलमध्ये सतरंजी अंथरून सगळी पाकिटं मांडली आणि नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आईला म्हटलं, यातली आपल्या घरच्या नावाची उचल. तिने सहा बरोबर उचलली, मग एक स्वस्तातलं उचललं, आणि काळ्या पाऊचकडे बघून विचारलं, "हे कुणाचं गं?" काका हसले, पण ते जरा ओशाळं हसू होतं. स्वस्तातल्या कांदा-लसूणचं पाकीट घरच्या पाकिटाची जवळपास नक्कल होतं. आपणच आपली नक्कल केली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी आठ किराणा दुकानांत गेले. प्रश्न एकच होता, "आमचा मसाला कशासाठी मागतात?" जुन्या तीन दुकानदारांनी लगेच सांगितलं, "डंकावर कुटलेला, तांबड्या रश्शाला." बाकीच्यांकडून आलं, "तुमच्यात स्कीम बरी असते", "तुमच्यात सगळं मिळतं." "सगळं मिळतं" हे मला आधी कौतुक वाटलं. रात्री वही बघताना लक्षात आलं की एखाद्या मसाल्याबद्दल यापेक्षा पोकळ काही बोलता येत नाही.

मग प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे ठरले. स्कीम आणि परतीचा माल वजा करून हातात काय उरतं? ही वस्तू दुकानात नसली तर गिऱ्हाईक काय उचलतं? आणि "कांदा-लसूण भाजून, मिरची डंकावर कुटून" या आमच्या एका वाक्यात ती बसते का?

पहिल्या प्रश्नात पावभाजी मसाला पडला. हा धक्का होता, कारण खपात तो तिसरा होता. पन्नास ग्रॅमच्या पाकिटामागे जीएसटी सोडून आमच्या हातात 27 रुपये यायचे. माल 15, पाऊच-खोका 3 आणि गाडीभाडं दीड असा साडेएकोणीस रुपये खर्च. म्हणजे साडेसात रुपये उरतात, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. पण तो मसाला दहावर दोन फुकट दिल्याशिवाय हलतच नव्हता. म्हणजे बारा पाकिटांचा खर्च 234 आणि वसुली दहाचीच, 270. उरले 36. त्या बारांतलं सरासरी एक पाकीट तारीख उलटून परत यायचं, त्याचे 27 रुपये वितरकाला वळते करायचे. बारा पाकिटांमागे राहिले नऊ रुपये. त्यात लॅमिनेटची, म्हणजे पाऊच ज्यातून बनतं त्या छापील कागदाची, नासाडी धरलेलीच नाही. लॅमिनेट छापायचं तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि छापणारा ठरावीक किलोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. खप लहान असला की तो रोल दोन-दोन वर्षं पडून राहतो, आणि मधेच लेबलवरचा मजकूर बदलावा लागला तर रद्दीत जातो.

काकांचा आक्षेप रास्त होता. ते म्हणाले, "अगं, तो बंद केलास म्हणून गोदामाचं भाडं कमी होणार आहे का? त्याचा वाटा बाकीच्यांवरच पडणार." खरं आहे. भावाने युनिलिव्हरचा दाखला काढला, की त्यांनी 1999-2000 च्या सुमारास सोळाशे ब्रँड चारशेवर आणायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, त्यांच्याकडे चारशे उरले, आपल्याकडे दोन उरतील. म्हणून आम्ही भाडं आणि पगार या हिशेबात धरलेच नाहीत, फक्त ती वस्तू थांबवल्यावर खरोखर थांबणारा खर्च धरला. तरीही पावभाजी तग धरेना. पॅकिंग मशीनवर तिचे महिन्याला चार दिवस जात होते, आणि नेमके त्याच दिवसांत कांदा-लसूणच्या मोठ्या पाकिटाची ऑर्डर मागे पडायची.

मेतकुटाचं उलटं झालं. खप इतका कमी की यादीत ते तळाशी होतं. पण स्कीम नाही, परत जवळजवळ काही येत नाही, आणि घेणारी बाई त्याबरोबर कांदा-लसूणही घेते, असं तीन दुकानदारांनी आपणहून सांगितलं. ते आमच्या वाक्यात अक्षरशः बसत नाही, कारण त्यात कांदाही नाही, लसूणही नाही. पण ते घरातलं आहे, हे कुणाला समजवावं लागत नाही. ते ठेवलं. निव्वळ आकड्यांवर गेले असते तर मी तेच आधी कापलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या फजितीत सापडलं. 2021 मध्ये लॅमिनेट वेळेवर न आल्यामुळे स्वस्तातलं कांदा-लसूण सहा आठवडे बाजारात नव्हतं. तेव्हा आम्ही नुसतेच हळहळलो होतो. आता वितरकांची तेव्हाची बिलं काढून बघितली, तर शहरातल्या तीन वितरकांकडे त्याच आठवड्यांत घरच्या नावाचं शंभर ग्रॅमचं पाकीट वाढलेलं, आणि माल परत आल्यावर पुन्हा खाली आलेलं. म्हणजे तिथे स्वस्त नाव सुट्ट्या मसाल्याचं गिऱ्हाईक आणत नव्हतं, आपलंच पळवत होतं. गडहिंग्लजकडच्या वितरकाकडे मात्र तसं काही दिसलं नाही, तिथे विक्री सरळ गेली. तुमच्याकडे अशी माल तुटल्याची बिलं असतील तर आधी ती बघा. गिऱ्हाइकाला विचारलं तर ते भलतंच सांगतं.

त्यामुळे स्वस्त नाव घरच्या नावात विलीन करायचं ठरलं, आणि इथेच मी जवळजवळ चुकले असते. माझ्या डोक्यात विलीन करणं म्हणजे पाकीट बदलणं. आई म्हणाली, "आतला मसाला कुठला भरणार?" स्वस्तातला मसाला डंकावरचा नव्हताच. मिरची पल्व्हरायझरवर दळलेली, कांद्याची तयार पावडर, रंगाला ब्याडगी कमी आणि बाकी साधी मिरची. तो घरच्या पाकिटात भरला असता तर दोन नावांतला गोंधळ एका पाकिटात आला असता. मग मसाला आणायचा नाही, गिऱ्हाईक आणायचं असं ठरलं. घरचाच मसाला दहा रुपयांच्या छोट्या पुडीत काढला. वजन अर्थातच कमी, आणि ते काही जणांना खुपलं.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "त्या नावानं डंकाचं कर्ज फेडलंय." तेही खरं. 2009 मध्ये यंत्रं अर्धा वेळ रिकामी असायची, ती त्या नावाने भरली. आज ती रिकामी नाहीत, एवढाच फरक.

खरी चूक झाली ती एक किलोच्या पाकिटात. स्वस्त नाव थांबवताना ते पाकीटही त्याच तारखेला थांबवलं. ते खानावळींना जायचं, आणि खानावळवाला पाकिटावरचं नाव वाचत नाही. त्याला रोज तोच तिखटपणा आणि तोच भाव लागतो. दोन महिन्यांत गडहिंग्लजच्या वितरकाचा फोन आला, "ताई, अकरा खानावळी दुसरीकडे गेल्या." तिथे घरच्या नावाशी गल्लत होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते पाकीट दुकानाच्या फळीवर कधी नसायचंच. ते साध्या, एका रंगाच्या लेबलात परत सुरू केलं, जुन्याच नावाने. अकरापैकी सात परत आल्या.

जुनं नाव ठेवण्याचं आणखी एक कारण आमच्या वकिलांनी सांगितलं. नोंदवलेला ट्रेडमार्क सलग पाच वर्षांहून जास्त काळ वापरलाच नाही, तर ज्याचं त्यात हित अडकलंय तो 1999 च्या कायद्याखाली ते नाव काढून टाकायला अर्ज करू शकतो. उद्या ते नाव दुसऱ्याने घेऊन नकलेसारखं पाकीट काढलं, तर आमचंच जुनं गिऱ्हाईक फसणार. किलोच्या पाकिटावर ते खरोखर विकलं जातंय, म्हणजे वापर चालू आहे.

काळं पाऊच पूर्ण बंद झालं. भावाने स्वतःच सांगितलं, "मला फक्त चाट मसाल्याचं वाईट वाटतंय." तोही गेला. बंद करताना स्कीम लावून माल ढकलायचा नाही, हे मी हट्टाने लावून धरलं, कारण ढकललेला माल आठ महिन्यांनी तारीख उलटून आपल्याच दारात येतो. लॅमिनेटची नवी ऑर्डर थांबवली, असलेला रोल संपेपर्यंत भरलं, वितरकांना शेवटच्या गाडीची तारीख कळवली. चार महिने लागले.

लोणच्याच्या नावाला मात्र हात लावला नाही. उलट पैसा तिकडे लावला. कोकणात आमचं घरचं नाव कुणाला ठाऊक नाही आणि हे ठाऊक आहे. घरच्या नावाने आम्ही आंब्याचं लोणचं काढत होतो, ते बंद केलं आणि तो आंबा तिकडे वळवला.

आता फळीवर दोन नावं आहेत, अकरा वस्तू, सव्वीस पाकिटं, आणि खानावळींचं ते किलोचं वेगळं. पहिल्या सहामाहीत एकूण विक्री घटली, हातात उरणारा पैसा किंचित वाढला. मालवणी मसाल्याचं अजून भिजत घोंगडं आहे. तो उरतो बरा, पण वाक्यात बसत नाही, आणि कोकणातल्या नावाखाली न्यावा तर ते लोणच्याचं आहे. मार्चला परत बसू.

स्वस्तातल्या लॅमिनेटचे दोन रोल गोदामात उरलेत. एकातून तुकडा कापून काकांनी पावसाळ्यात स्कूटरची सीट झाकली. नाव वरच्या बाजूला, नीट वाचता येईल असं.