माझा अनुभव: चाळीस हजार गुंठा की अठ्ठावीस? रेडी रेकनर आणि शेजारचे दस्त बघून भाव कसा काढला

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या बाजूला. आमच्या वावराला लागूनच एक तुकडा आहे, सातबाऱ्यावर 0.30 हेक्टर, जिरायत, काळी जमीन, विहीर नाही. मालक नागपूरला राहतात, वावर बटाईनं देत होते आणि दिवाळीनंतर त्यांनी विकायला काढलं. मध्ये एक दलाल होता, तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "भाऊ, चाळीस हजार गुंठा, त्याच्या खाली काकाजी येत नाही."

आता आमच्याकडे गुंठ्यात कोणी बोलतच नाही जी. आमचा सगळा हिशोब एकरात. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं का हा गुंठ्यात काऊन बोलून राहिला, तर चाळीस हजार म्हटलं की आकडा लहान वाटतो, पण एकरात चाळीस गुंठे, म्हणजे सोळा लाख रुपये एकर! सोळा लाख म्हटला असता तर बाबा तिथंच उठून बैल सोडायला गेले असते.

आम्ही गप्प बसलो तर त्यानं मोबाईल काढून एक स्क्रीनशॉट दाखवला, रेडी रेकनरचा, आमच्याच गावाचा. "हे बघा, सरकारी रेटच 380 रुपये मीटर आहे, गुंठ्याचे साडेअडतीस हजार होतात, मी काही जास्त नाही सांगून राहिलो." गुणाकार बरोबर होता. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, त्याला 380 नं गुणलं तर 38,445. बाबा तर म्हणे, सरकारच म्हणते तर मग काय बोलायचं.

रात्री मी igrmaharashtra.gov.in उघडली, त्यात ई-एएसआर म्हणून रेडी रेकनरची लिंक आहे, तिथं वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की अख्ख्या गावाचा तक्ता येते. आणि तिथं कळलं की एका गावाला एक रेट नसतो, ओळी असतात. जिरायत जमिनीच्या चारपाच ओळी, बागायतच्या वेगळ्या, गावठाणाची वेगळी, आणि शेवटच्या कॉलममध्ये युनिट लिहिलेलं असते जे कोणी वाचतच नाही. शेतीच्या ओळींचं युनिट हेक्टर, गावठाणाचं चौरस मीटर. दलालानं दाखवलेले 380 हे गावठाणातल्या घराच्या जागेचे होते आणि आमचा तुकडा गावठाणापासून चांगला अर्धा किलोमीटर बाहेर, सातबाऱ्यावर निव्वळ शेती. आता त्यानं मुद्दाम केलं की त्यालाच समजत नाही हे देवाला माहीत, मला तर दोन्ही थोडं थोडं वाटते.

मग आपली ओळ कोणती हे शोधायचं. जिरायतच्या ओळी आकारणीप्रमाणे असतात, आकारणी म्हणजे सातबाऱ्यावर जो आकार लिहिला असते तो भागिले क्षेत्र. bhulekh.mahabhumi.gov.in वरून सातबारा काढला, आकार 90 पैसे, क्षेत्र 0.30 हेक्टर, म्हणजे हेक्टरी 3 रुपये. ही 2.51 ते 5.00 वाली ओळ झाली. पहिल्यांदा मी नुसता 90 पैसे पाहून सगळ्यात वरची ओळ धरली होती, ते चुकीचं, भागाकार करावाच लागते. आमच्या ओळीचा रेट होता 6,20,000 रुपये हेक्टर. एका हेक्टरात 98.84 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 6,273 रुपये. अडतीस हजारावरून सव्वासहा हजारावर!

मी सकाळी बाबांना सांगितलं तर ते एकदम खुश, म्हणे सव्वासहा सांगून टाक त्याला. पण तसं नसते ना. रेडी रेकनर हा स्टॅम्प ड्युटीसाठी असतो, ठरलेली किंमत आणि हा सरकारी बाजारभाव यातला जो आकडा मोठा त्याच्यावर ड्युटी लागते, बस. त्या भावात गावात कोणी बांधसुद्धा देणार नाही. खरा भाव कुठंतरी सहा आणि चाळीसच्या मध्ये होता आणि तो शोधायला शेजारचे खरे सौदे पाहिजे होते.

ते मिळतात freesearchigrservice.maharashtra.gov.in वर, फुकट. फक्त तिथं नुसतं गाव टाकून चालत नाही, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाकावा लागते आणि वर्ष एकेक करून. म्हणून आधी भूनकाशावर आपल्या तुकड्याच्या आजूबाजूचे बारा नंबर कागदावर उतरवले, मग 2022 पासून 2025 पर्यंत एकेक नंबर, दरवेळी कॅप्चा, साईट दिवसा लटकते म्हणून पहाटे पाच वाजता उठून, दोन दिवस गेले यात. बायको म्हणे अभ्यास असा केला असता तर आज तलाठी असते. दस्त दिसला की त्याचा इंडेक्स टू उघडायचा, त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्र, तारीख सगळं असते.

एकूण आठ दस्त सापडले. दोन बक्षीसपत्र, एक हक्कसोड, एक बँकेचं गहाणखत, हे भावासाठी काही कामाचे नाही. उरले चार खरेदीखत. त्यातल्या एकात मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे रुपयापर्यंत सारखे होते. असं दिसलं की समजून घ्यायचं, कागदावर सरकारी रेट लिहिला आणि बाकीचे पैसे बाहेरून गेले. ज्यानं घेतलं तो आमच्या ओळखीचा, त्याला पारावर विचारलं तर नुसता हसला. तो दस्त बाद. हे फार होते आपल्याकडे, आणि ज्याला हे माहीत नसेल तो असले चार दस्त बघून म्हणेल का गावात भाव सहा हजार गुंठाच आहे.

आता उरले तीन, यांचा मोबदला बाजारभावाच्या बराच वर होता म्हणजे आकडे खरे असायची शक्यता जास्त. मी प्रत्येकाचा गुंठ्याचा भाव तर काढलाच, पण सोबत मोबदला सरकारी बाजारभावाच्या किती पट हे पण काढलं, कारण प्रत्येक जमिनीची आकारणीची ओळ वेगळी असू शकते आणि पट काढली की तो फरक बऱ्यापैकी निघून जाते. वर्ष मात्र त्याच सालचं धरायचं. आमच्याकडे 2022 नंतर रेट हलले नव्हते, 1 एप्रिल 2025 ला वाढले, आमच्या ओळीत सहा लाखाचे सहा लाख वीस हजार झाले. (तिन्ही जमिनी योगायोगानं आमच्याच ओळीतल्या निघाल्या.)

पहिला 2023 चा, 1.20 हेक्टर, मोबदला 19,20,000. गुंठ्याला 16,200 च्या आसपास, सरकारी भावाच्या साधारण 2.67 पट. पण हे वावर आतमध्ये आहे, दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जावं लागते, आणि मोठं क्षेत्र म्हणून गुंठ्याचा भाव पण कमी पडते.

दुसरा 2024 चा, 0.40 हेक्टर, 9,90,000. साडेएकोणचाळीस गुंठे धरले तर 25,000 गुंठा, चार पटीच्या थोडं वर. हे आमच्याच पांदण रस्त्यावर आहे, आणि घेणाऱ्यानं पूर्ण पैसे बँकेतून दिले होते, त्यामुळं या आकड्यावर माझा सगळ्यात जास्त भरोसा.

तिसऱ्यानं मात्र डोकं खाल्लं. जून 2025, 0.61 हेक्टर, डांबरी रोडला लागून, 20 लाख. गुंठ्याला 33,173! हा जर खरा धरला तर दलालाचे चाळीस काही फार दूर नाही. पण इंडेक्समध्ये एक गोष्ट खटकली, 0.61 ला 6,20,000 नं गुणलं तर बाजारभाव 3,78,200 यायला पाहिजे, तिथं त्याच्यापेक्षा बराच जास्त लिहिला होता. मिळकतीचं वर्णन नीट वाचलं तर त्यात "विहीर व मोटरपंपासह" असं होतं. विहिरीची किंमत सरकारनं वेगळी जोडली होती. गावात विचारलं तर बांधीव विहीर, लाईट कनेक्शन, पाईपलाईन, आजच्या तारखेत साडेतीन लाखाच्या खाली होत नाही म्हणे. ते वजा केले तर उरतात साडेसोळा लाख, म्हणजे 27,400 गुंठा. सरकारी भावाच्या साधारण 4.4 पट, आणि ते पण डांबरी रोडला.

आता चित्र साफ झालं. पांदणीवर 25 हजार पण दीड वर्षाआधीचे, आजच्या रेटनं तीच पट लावली तर पावणेसव्वीस ते सव्वीस. डांबरी रोडवर 27,400. आपला तुकडा पांदणीवर, डांबरीपासून दोनशे मीटर आत. पांदण गावनकाशावर आहे हे बघून घेतलं, कारण नुसती वहिवाट असती तर मी पहिल्या, आतल्या वावराच्या भावाकडं सरकलो असतो. पण पावसाळ्यात शेवटच्या टप्प्यात ट्रॅक्टर फसते ही पण खरी गोष्ट. म्हणजे भाव सव्वीस ते सत्तावीस.

फक्त एक होतं, हा तुकडा दुसऱ्या कोणासाठी सत्तावीसचा असेल, आमच्यासाठी धुऱ्याला धुरा लागून आहे. दुसऱ्यानं घेतला तर उद्या रस्त्यावरून भांडण, धुरा कोरणं, सगळं आलं. हजार रुपये जास्त द्यायला मी मनातून तयार होतो, पण ते मी कोणाला सांगितलं नाही, बाबांना तर अजिबातच नाही.

दलालाला बाजूला ठेवून थेट काकाजींना फोन लावला. भाव नाही बोललो, आधी तिन्ही इंडेक्स टू व्हॉट्सॲपवर पाठवले आणि म्हटलं, "काकाजी, हे आपल्याच शिवारातले आहेत, तुम्ही पाहून घ्या, विहीरवाला वेगळा आहे तेवढं ध्यानात ठेवा." दोन दिवसांनी त्यांचाच फोन. म्हणे मला तर तो दलाल सांगत होता का तुम्ही पंचवीसच्या वर जायला तयार नाही! तिकडं त्यांना पंचवीस, इकडं आम्हाला चाळीस. काकाजी तीसवर अडले, मी सत्तावीसवर, अठ्ठावीसला मिटलं. 29.65 गुंठे, एकूण 8,30,200, वरचे दोनशे त्यांनी सोडले.

खरेदी पूर्ण रकमेची केली, 8,30,000, सगळे पैसे खात्यातून. बाबा म्हणत होते का सरकारी रेटनं 1,86,000 ची लाव, ड्युटी वाचते. हो, ड्युटी जास्त गेली ते खरं. पण जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्यावर रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, आणि काकाजींना पण नागपुरात फ्लॅट घ्यायचा असल्यानं पैसे खात्यातच पाहिजे होते. क्षेत्र जिरायतच्या वीस गुंठ्याच्या वर असल्यानं तुकडेबंदीचा पण प्रश्न आला नाही, एवढं मात्र टोकन द्यायच्या आधी बघून घेतलं होतं.

परवा बाजाराच्या दिवशी तो दलाल भेटला. त्याच्या मोबाईलमध्ये आता आमचा इंडेक्स टू आहे, आणि तो खालच्या शिवारातलं, आतलं, बिनरस्त्याचं एक वावर आमच्या अठ्ठावीसवर विकायला काढून राहिला.