युरियाची पाच पोती की चार? आमच्या चॅटबॉटची परीक्षा घेताना

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. जिल्ह्यात चार-पाच ठिकाणी शाखा असलेल्या एका कृषी सेवा केंद्रासाठी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर चालणारा चॅटबॉट बनवला. ऊसाबद्दल शेतकरी विचारतो, बॉट कृषी विद्यापीठाच्या शिफारशींच्या पुस्तिकांमधून माहिती काढून मराठीत उत्तर देतो. बॉट उभा राहायला फार वेळ लागला नाही. प्रश्न पुढे आला. प्रॉम्प्ट, म्हणजे बॉटला दिलेल्या सूचना, बदलल्या, पुस्तिकांची मांडणी बदलली, की उत्तरं सुधारली असं आम्हाला वाटायचं. दहा-बारा प्रश्न टाकून बघायचो, बरी वाटली की पुढं जायचो. एकदा केंद्राच्या मालकांनी विचारलं, "मागच्या महिन्यापेक्षा आता बरा आहे म्हणताय, ते कशावरून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिथून पुढचे तीन महिने मी याच कामात होतो.

पहिलं काम प्रश्न गोळा करण्याचं. आधी आम्हीच बसून प्रश्न लिहिले होते: "सुरू हंगामात ऊसासाठी नत्राची शिफारस काय आहे?" असे. केंद्राकडं आलेले शेतकऱ्यांचे खरे मेसेज काढून बघितल्यावर ते सगळे बाजूला ठेवले, कारण असं कुणीच विचारत नाही. शेतकरी लिहितो, "सुरूचा ऊस हाय एक एकर, युरिया किती पोती लागंल". सुरू म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेला ऊस. प्रश्नात हेक्टर नाही, नत्र नाही, किलोसुद्धा नाही. मग जानेवारी ते मार्चमधल्या मेसेजमधून फोन नंबर आणि नावं काढून टाकली, एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आणि २०० प्रश्न निवडले. लिहिण्यातल्या चुका तशाच ठेवल्या. त्यातले ५० चिठ्ठ्या टाकून वेगळे काढले आणि एका फाइलमध्ये बंद केले. त्याचा पासवर्ड बॉटवर काम न करणाऱ्या सहकाऱ्याकडं दिला. रोजची दुरुस्ती उरलेल्या १५० वर करायची. आपण ज्या प्रश्नांकडं बघून बॉट सुधारतो, त्यांची उत्तरं सुधारणारच. न बघितलेल्या प्रश्नांवर काय होतं, ते कळायला हे ५० हवेत.

आता गुण कसे द्यायचे? आम्ही सरळ १ ते ५ गुण ठरवले. तपासायला दोघं जण होते: एक निवृत्त कृषी अधिकारी, ज्यांना आम्ही सर म्हणतो, आणि केंद्रातली एक कृषी पदवीधर मुलगी. ४० उत्तरं दोघांना वेगवेगळी बसून तपासायला दिली. नेमके तेच गुण दोघांनी दिले असे फक्त १७ कागद निघाले. एका उत्तराला तिनं ४ दिले होते, सरांनी २. तिला विचारलं तर म्हणाली, "सगळं व्यवस्थित समजावून सांगितलंय की." सर म्हणाले, "भाषा चांगली आहे, लांबलचकही आहे. पण ह्यानं पोती किती आणायची ते कुठं आहे?" दोघांचंही खरं होतं. ५ पैकी गुण देताना कुणी भाषेकडं बघतं, कुणी आकड्याकडं, आणि उत्तर लांब असलं की ते आपोआप बरं वाटतं. माणसं बदलली की निकाल बदलत असेल, तर त्या निकालावर बॉट सुधारला की नाही हे ठरवता येणार नाही.

म्हणून गुण सोडून मुद्द्यांची यादी केली. प्रत्येक प्रश्नापुढं दोन ते चार मुद्दे लिहायचे, जे उत्तरात आलेच पाहिजेत, आणि एखादी अशी चूक, जी झाली तर बाकी कितीही बरोबर असलं तरी नापास. सगळे मुद्दे आले आणि ती चूक नाही तर पास, नाहीतर नापास. मधलं काही नाही.

वरच्या युरियाच्याच प्रश्नाचं घ्या. सुरू ऊसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी आहे. एकरात ते साधारण १०० किलो नत्र होतं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया. पोतं ४५ किलोचं, म्हणून जवळपास ५ पोती. पहिला मुद्दा मी एवढाच लिहिला: "५ पोती". दुसरा मुद्दा, एकदम न घालता हप्त्यांत द्यायचं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे ऊसाच्या बुडाला मातीची भर देताना, ४०. नापास करणारी चूक: हेक्टरचा आकडा एकराला सांगणं. ही चूक बॉट खरोखर करत होता. पुस्तिकेतला हेक्टरी आकडा उचलून तो ५४३ किलो युरिया सांगायचा. एक एकराला बारा पोती!

यादी सरांना दाखवली. त्यांनी पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. "डीएपी घालतो म्हणाला तर?" स्फुरदासाठी एकरी ५० किलोची दोन पोती डीएपी घातलं, की त्यातूनच १८ किलो नत्र जातं. मग युरियातून ८२ किलोच द्यायचं, म्हणजे १७८ किलो, म्हणजे ४ पोती. दोन दिवसांपूर्वी एका उत्तरात बॉटनं नेमकं हेच सांगितलं होतं आणि माझ्या यादीनं त्याला नापास केलं होतं. मुद्दा बदलून लिहिला: "फक्त युरिया असेल तर ५ च्या आसपास, सोबत डीएपी असेल तर ४ च्या आसपास, आणि कोणता हिशेब आहे हे सांगितलेलं हवं." अशा ३१ प्रश्नांच्या याद्या आम्हाला दुरुस्त कराव्या लागल्या. चुकीच्या उत्तरसूचीवर चांगलं उत्तर नापास होतं, आणि आपण बॉट चांगल्यापासून दूर नेत बसतो. म्हणून माझा आग्रह आहे: उत्तरसूची त्या विषयातल्या माणसानं वाचल्याशिवाय एकही उत्तर तपासू नये.

काही प्रश्नांचं बरोबर उत्तर "मला माहीत नाही" हेच असतं. "माझं ऊसाचं बिल कधी जमा होणार" याला बॉट सांगायचा, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत. कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे, हे खरं. पण या शेतकऱ्याच्या खात्याची माहिती बॉटकडं नाही. त्याला आशा लावून मोकळं होणं मला पटत नव्हतं. तिथं मुद्दा असा ठेवला: माहिती नाही असं स्पष्ट सांगावं आणि कारखान्याच्या शेती ऑफिसला विचारायला सांगावं.

नव्या पद्धतीनं पुन्हा ४० उत्तरं दोघांना दिली. कोणतं उत्तर कुठल्या व्हर्जनचं हे कागदावर नव्हतं, क्रमही उलटसुलट केला होता. यावेळी ३६ ठिकाणी दोघांचा निकाल एकच आला. ९० टक्के ऐकून बरं वाटतं, पण दोघंही साधारण ७० टक्के उत्तरं पास करत होते, आणि तसं असताना डोळे झाकून खुणा केल्या तरी ५८ टक्के जुळल्या असत्या. योगायोगाचा हा भाग वजा करून जुळणी मोजायची पद्धत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडली, तिला कप्पा म्हणतात. आमचा कप्पा ०.७६ आला. तो मला पुरेसा वाटला. जे चार जुळले नाहीत, त्यांच्या याद्या पुन्हा लिहिल्या.

मग एक परीक्षा अशी घेतली, जी आधीच घ्यायला हवी होती. बॉटमध्ये काहीही न बदलता १५० प्रश्न दोनदा विचारले. पहिल्यांदा १०४ पास, दुसऱ्यांदा १०७. सात प्रश्न सुधारले, चार बिघडले, आणि आम्ही हातही लावला नव्हता. दर वेळी बॉट शब्द वेगळे निवडतो आणि त्यात कधी हप्त्यांचा मुद्दा राहतो. म्हणजे दोन-तीन प्रश्नांच्या फरकावर आम्ही आजवर जे ठरवत होतो, त्याला काही आधार नव्हता. पुढं प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचा आणि तिन्हींतला बहुमताचा निकाल धरायचा, असं ठरलं. जुन्या व्हर्जनचे त्या हिशेबानं १०५ झाले.

त्याच सुमारास आम्ही मोठा बदल केला होता. पुस्तिकांचे लहान तुकडे केले, म्हणजे बॉटला नेमका भाग सापडेल. निकाल ११२ आला. ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला. मी मात्र बेरीज सोडून एकेक प्रश्न समोरासमोर ठेवून बघितला. १६ प्रश्न नापासचे पास झाले होते आणि ९ पासचे नापास. निकाल बदलला असे २५ प्रश्न. बदलाचा काहीच परिणाम नसता, तर प्रत्येक प्रश्न इकडं की तिकडं हे नाणं उडवल्यासारखंच. २५ वेळा नाणं उडवून कुठल्यातरी एका बाजूला १६ किंवा जास्त पडण्याची शक्यता सुमारे २३ टक्के आहे. मग ११२ ला सुधारणा म्हणायला मी तयार नव्हतो.

बिघडलेले नऊ प्रश्न वाचले तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यातले सहा खोडव्याचे होते, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या ऊसाचे. खोडव्यालाही खताची शिफारस २५०:११५:११५ च आहे, पण द्यायची रीत वेगळी: पहारीनं, दोनच हप्त्यांत, पहिला १५ दिवसांच्या आत आणि दुसरा साधारण १३५ दिवसांनी. तुकडे करताना "खोडवा" हे शीर्षक एका तुकड्यात गेलं आणि आकडे दुसऱ्यात. आकडे सारखेच, त्यामुळं बॉट सुरू लागणीचा तुकडा उचलून खोडव्याला बाळबांधणी, मोठी बांधणी सांगत होता. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर प्रकरणाचं शीर्षक चिकटवलं. यावेळी जुन्या व्हर्जनच्या तुलनेत २२ सुधारले, ४ बिघडले, एकूण १२३. नाण्याच्या हिशेबानं असं योगायोगानं होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी.

बंद फाइल तेव्हा उघडली. ५० पैकी जुन्याचे ३३, नव्याचे ३९. ८ सुधारले, २ बिघडले. दिशा तीच, पण १० बदलांवर छातीठोक सांगता येत नाही, योगायोगाची शक्यता ११ टक्के उरते. मालकांना मी दोन्ही आकडे असेच सांगितले. त्यांनी त्यापेक्षा वेगळंच विचारलं, हेक्टर-एकराची चूक किती ठिकाणी राहिली. २०० मध्ये एका ठिकाणी राहिली होती. प्रश्न गुंठ्यात होता. ती दुरुस्त होईपर्यंत बॉट सुरू करायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि मलाही तेच योग्य वाटलं.

मे महिन्यात बॉट सुरू झाला. वळीव पडला आणि प्रश्नच बदलले: कडुलिंबावर भुंगेरे आलेत, हुमणीला काय करू, प्रकाश सापळा कधी लावू. हुमणी म्हणजे ऊसाची मुळं खाणारी अळी, आणि हे भुंगेरे तिचेच. जानेवारी ते मार्चच्या मेसेजमधून केलेल्या आमच्या संचात हुमणीचे फक्त दोन प्रश्न होते. जूनमध्ये ३० नवे प्रश्न घातले आणि सरांनी त्यांच्या याद्या तपासून दिल्या. त्यातले सध्या १४ पास होतात.