बाबांचं कपाट

बाबांना जाऊन तीन महिने झाले, आज शेवटी त्यांचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. आईच्याने होत नव्हतं. स्वेटर, डांबरगोळ्यांचा वास, लाइट बिलांची चळत, आणि लॉकरमध्ये पासबुकांखाली रबर लावलेली सात पाकिटं. सगळ्यांवर माझं नाव. आत बर्थडे कार्ड.

लग्न मी त्यांच्या मर्जीविरुद्ध केलं तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत हे जवळच्यांना माहितीये. पण प्रत्येक पाकिटावर माझा त्या त्या वर्षीचा बरोबर पत्ता, कोथरूडची भाड्याची खोली, मग वाकड, मग आत्ताचं घर, आणि पाच रुपयांचं तिकीटसुद्धा चिकटवलेलं, फक्त शिक्का नाही. पहिल्या दोन पाकिटांवर माहेरचं आडनाव. तिसऱ्यावर तेच लिहून खोडलंय, आणि वर छोट्या अक्षरात 'चि. सौ.' आणि ह्यांचं आडनाव. तिथेच बसून राहिले मी, किती वेळ माहीत नाही.

आत फार काही नाहीच लिहिलेलं. 'अनेक आशीर्वाद. तब्येत सांभाळ. बाबा.' शेवटच्या दोनमध्ये अक्षर वाकडं झालंय, हात थरथरायला लागला होता ना.

आई म्हणाली, पत्ता माझ्याकडूनच घ्यायचे, पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मी विचारलं, तू का नाही टाकलंस? ती म्हणाली, मला वाटायचं पुढच्या वर्षी टाकतील.

मीसुद्धा दरवर्षी त्या दिवशी फोन हातात घेऊन बसायचे गं आई.