बारा मीटरवरचे बगळे

एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी आमच्याकडे आलेले छायाचित्र तसे देखणे होते. संध्याकाळचे तळे, काठावर पाठमोरी उभी असलेली एक स्त्री, उजवीकडे बांधलेली होडी, होडीच्या काठीवर लहानसा ध्वज आणि वर रिकामे आकाश. संपादकांना त्या आकाशात घरट्याकडे परतणारे बगळे हवे होते. माझ्या एका सहकाऱ्याने ते घालून दिले आणि काम परत आले. संपादकांचा शेरा एवढाच होता की पक्षी चिकटवल्यासारखे दिसतात, पण असे का वाटते ते सांगता येत नाही. ते काम मग माझ्याकडे आले.

सहकाऱ्याचे कटआउट स्वच्छ होते. पिसांच्या कडेला मूळ आकाशाची निळी किनार राहिलेली नव्हती आणि रंगही संध्याकाळचा होता. आमच्या व्यवसायात अशा वेळी सर्रास कडांवर पुन्हा काम केले जाते, मास्क अधिक मऊ केला जातो, सगळ्यावर एक रंगछटा चढवली जाते आणि चित्र थोडेबहुत जुळले की ते पाठवून दिले जाते. मला ही पद्धत मान्य नाही. जोडकाम खोटे का दिसते याचे कारण बहुधा कडेत नसते, ते अंतरात असते. आकाशात ठेवलेला प्रत्येक पक्षी आपण कॅमेऱ्यापासून किती दूर आहोत हे तीन प्रकारे सांगत असतो. आकारातून, हालचालीच्या धूसरपणातून आणि हवेने फिकट केलेल्या रंगातून. हे तिन्ही दावे एकाच अंतराचे असले पाहिजेत.

अंतर काढायचे तर मूळ फाइल लागते, आणि ती मिळवण्यातच निम्मा दिवस जातो. संदेशांच्या ॲपवरून आलेल्या फाइलमधून लेन्स, शटर, ॲपर्चर ही सगळी नोंद बहुधा गळून गेलेली असते, आणि आपण काय पाठवत आहोत याची पाठवणाऱ्याला कल्पनाच नसते. छायाचित्रकाराने मूळ फाइल दिली तेव्हा नोंद अशी निघाली: ३६ मिमी रुंद सेन्सर, ३५ मिमी लेन्स, ६००० पिक्सेल रुंदी, शटर १/६० सेकंद, ॲपर्चर एफ/८. लेन्सच्या नाभीय अंतराला सेन्सरच्या रुंदीने भागून पिक्सेलच्या संख्येने गुणले की सुमारे ५८३३ येतात. वस्तूची मीटरमधली खरी लांबी या संख्येने गुणायची आणि मीटरमधल्या अंतराने भागायची, म्हणजे चित्रात ती किती पिक्सेलची दिसेल ते कळते.

गाय-बगळ्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी साधारण ९० सेंटिमीटर असते. सहकाऱ्याने घातलेला सर्वांत मोठा बगळा ४२० पिक्सेल रुंद होता. गणित उलटे केले तर तो कॅमेऱ्यापासून साडेबारा मीटरवर येतो. तो क्षितिजरेषेपासून सुमारे १००० पिक्सेल वर ठेवलेला होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा जेमतेम दोन मीटर वर. ती स्त्री कॅमेऱ्यापासून आठेक मीटरवर उभी होती. थोडक्यात, आभाळात उंच उडत असल्याचा आव आणणारा तो बगळा प्रत्यक्षात तिच्या पुढे चार-पाच मीटरवरच होता आणि घराच्या छपराइतक्याही उंचीवर नव्हता. पाहणारा माणूस गणित करत नाही, पण त्या स्त्रीच्या खांद्यांची रुंदी त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि पक्ष्याचे पंख तिच्याहून रुंद आहेत हे त्याला जाणवते.

दुसरा दावा धूसरपणाचा. बगळा सेकंदाला दहा मीटर वेगाने उडतो असे धरले, तर १/६० सेकंदात तो जवळजवळ १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. साडेबारा मीटरवरून आडवे उडताना ही सरक ७८ पिक्सेलांची होते. सहकाऱ्याच्या बगळ्याचे मात्र एकेक पीस मोजता येत होते, कारण तो लांब पल्ल्याच्या लेन्सने अतिशय वेगवान शटरवर टिपलेल्या छायाचित्रातून घेतलेला होता. तिसऱ्या दाव्याने तर कळसच केला. पक्षी दूरचे वाटावेत म्हणून ते पलीकडच्या काठावरच्या झाडांपेक्षाही फिकट केलेले होते. ती झाडे सुमारे चारशे मीटरवर होती. एकच बगळा आकाराने बारा मीटरवर, रंगाने चारशे मीटरच्याही पलीकडे, आणि स्पष्टतेने पाहिले तर हवेत थिजलेला. संपादकांना खटकले ते हेच होते, आणि ते त्यांना शब्दांत मांडता आले नाही यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

म्हणून मी आधी अंतर ठरवते आणि पक्षी नंतर निवडते. या चित्रासाठी थवा ९० ते १५० मीटरवर धरला. मधला बगळा १२० मीटरवर आला, तर तो सुमारे ४४ पिक्सेलांचा होतो, आणि क्षितिजापासून १००० पिक्सेल वर ठेवल्यास कॅमेऱ्यापेक्षा वीस मीटर उंच असतो. संध्याकाळी तळ्यावरून जाणाऱ्या थव्याला ही उंची शोभते.

दिशेबाबत संपादकांची अट होती की पक्षी डावीकडून उजवीकडे जावेत. होडीवरचा ध्वज डावीकडे ताणलेला होता, म्हणजे वारा समोरून येणार होता. यावर काही जण लगेच आक्षेप घेतात की पक्षी वाऱ्याविरुद्ध उडताना खोटे दिसतील. हा आक्षेप चुकीचा आहे. उड्डाण घेताना आणि उतरताना पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात, पण मधल्या प्रवासात थवा आपल्या मुक्कामाच्या दिशेने जातो, मग वारा कुठलाही असो. मात्र वाऱ्याचा हिशेब धूसरपणात धरावाच लागतो. ब्यूफोर्ट मापनात हलके ध्वज ताणले जाणे हे तिसऱ्या पायरीचे लक्षण आहे, म्हणजे सेकंदाला ३.४ ते ५.४ मीटर. मी चार मीटर धरले. दहा मीटर वेगाने हवा कापणारा बगळा जमिनीच्या संदर्भात मग सहाच मीटर पुढे जातो, शटर उघडे असेपर्यंत दहा सेंटिमीटर सरकतो आणि १२० मीटरवरून त्याची सरक जेमतेम पाच पिक्सेलांची होते. तोच थवा वाऱ्यासोबत जात असता तर ती दुपटीहून जास्त झाली असती.

ही पाच पिक्सेलांची सरक Motion Blur लावून सबंध पक्ष्याला एकसारखी देणे, ही मी इतरांच्या कामात सर्वाधिक पाहिलेली घाई आहे. धड पुढे सरकते, पण पंखांची टोके त्याशिवाय वरखालीही जातात, आणि तीही सारख्या वेगाने नव्हे. फटकाऱ्याच्या मध्यावर टोक सर्वांत वेगात असते, तर पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली पोचला की ते क्षणभर जवळजवळ थांबते. त्यामुळे खऱ्या छायाचित्रात एकाच थव्यातल्या काही पक्ष्यांचे पंख रेखीव दिसतात आणि काहींचे विरघळलेले. मी पंखांचे वेगळे लेअर केले, मध्यावरच्या पंखांना टोकाकडे वाढत जाणारी तीन-चार पिक्सेलांची उभी धूसरता दिली आणि वर-खाली पोचलेल्या पंखांना ती दिलीच नाही. धूसरता देण्यापूर्वी फाइल ३२ बिटच्या रेषीय प्रकाशात नेली, म्हणजे जिथे पिक्सेलचे आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतात. नेहमीच्या पद्धतीत काळसर पक्ष्याची सरक काळ्या डागासारखी पसरते. रेषीय प्रकाशात मात्र कॅमेऱ्यात घडते तसे होते, म्हणजे उजळ आकाश गडद पंखाची कडा खाऊन टाकते आणि पंख बारीक होतो. सूर्य पक्ष्यांच्या मागे असल्याने बगळे पांढरे दिसणार नव्हतेच. धड राखाडी ठेवले आणि पंखांची मागची कड, जिथून प्रकाश आरपार येतो, तिथे थोडा उजेड ठेवला. चारशे मीटरवरच्या झाडांपेक्षा हे पक्षी गडद असले पाहिजेत, ही कसोटी शेवटपर्यंत पाळली.

खरी अडचण त्यानंतर आली आणि तिचा विचार मी अजूनही करते आहे. मी थवा उजवीकडे आणि थोडा आत, म्हणजे आपल्यापासून दूर जाणारा ठेवला होता. सगळे बगळे एकाच उंचीवर, कॅमेऱ्यापेक्षा वीस मीटर वर. मग ९० मीटरवरचा शेवटचा बगळा ५८ पिक्सेलांचा आणि क्षितिजापासून सुमारे १३०० पिक्सेल वर येतो, तर १५० मीटरवरचा पहिला ३५ पिक्सेलांचा आणि ७८० पिक्सेलांवर. सपाट उडणारा थवा दूर जाताना चित्रात क्षितिजाकडे उतरत जातो. त्यांच्या शरीरांचा रोख आणि धूसरपणाची दिशाही क्षितिजावरच्या त्याच एका बिंदूकडे वळते. पुष्कळ जण याच्या उलट करतात आणि लहान पक्षी वर चढवत नेतात. त्यामुळे पुढचे पक्षी वर चढत असल्यासारखे दिसतात. माझी मांडणी भूमितीनुसार बिनचूक होती. संपादकांचा निरोप आला: आता पक्षी खरे वाटतात, पण ते खाली का उतरत आहेत?

मी त्यांच्याकडून मुखपृष्ठाची मांडणी मागवून घेतली. तीत शीर्षकाची रुंद पट्टी बरोबर क्षितिजावर आली होती आणि पलीकडचा काठ पूर्ण झाकला गेला होता. क्षितिज दिसत नसेल तर उतरती रांग कोणत्या रेषेकडे जाते आहे हे डोळ्याला कळत नाही. तो पानाच्या वरच्या कडेला आडवे मानतो आणि तिच्या तुलनेत थवा खाली येताना पाहतो. मी पट्टी काढून तेच चित्र पुन्हा पाठवले, तेव्हा तेच पक्षी त्यांना सरळ जाताना दिसले.

पट्टी हलवता येणार नव्हती. मुखपृष्ठासाठी मी थवा चित्राच्या समांतर वळवला, सगळे बगळे ११५ ते १२५ मीटरच्या पट्ट्यात आणले आणि आता आडव्या झालेल्या रोखाप्रमाणे धूसरपणाची दिशाही बदलली. उतार जवळजवळ नाहीसा झाला, पण त्यासोबत आकाराची खोलीही गेली आणि थवा चापट झाला. आतल्या पानावर पट्टी नसल्याने पहिलाच थवा छापला गेला. क्षितिज झाकले जाणार असेल तर आतल्या खोलीचा किती भाग सोडून द्यावा, याचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. सध्या एवढेच करते, की पक्ष्यांना हात लावण्यापूर्वी मजकुराची पट्टी कुठे येणार आहे ते विचारून घेते आणि काम करताना ती वरच्या लेअरवर ठेवते.